कोणतं मूल फडावर जातं?

प्रिय मुक्ता,

तुझा आराखडा वाचला. ‘ऊसतोड कामगारांच्या स्थलांतराचा त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर होणारा परिणाम’ हे शीर्षक भारदस्त आहे, आणि तिथंच मला धास्ती वाटते. असे प्रबंध मी इतके तपासलेत, की निष्कर्षाचं प्रकरण न उघडताही सांगू शकते.

परिणाम दाखवायचा, तर फडावर गेलेल्या मुलांची तुलना मागे राहिलेल्यांशी करावी लागणार. पण मागे राहतं कोण? ज्याच्या घरी धडधाकट आजी आहे, नाहीतर ज्याच्या गावात हंगामी वसतिगृह चालतं. म्हणजे ही घरं मुळातच वेगळी. अशी मुलं शाळेत टिकली, तर ती न गेल्यामुळे की आजीमुळे, हे तुला तीस-चाळीस मुलाखतींतून सुटं करता येणार नाही.

मग त्या अडचणीलाच प्रश्न कर: एका कोयत्याच्या घरात कोणतं मूल न्यायचं, कोणतं ठेवायचं, हे ठरतं कसं? मुकादमाची उचल नवरा-बायकोच्या जोडीला मिळते, त्यामुळे अंगावरचं पोर सोबत न्यावंच लागतं. त्याला सांभाळायला नऊ-दहा वर्षांची बहीणही नेतात का? ज्या वर्षी घरात तान्हं नसतं, त्या वर्षी तीच मुलगी गावात राहते का? याचं उत्तर ‘नाही’ही निघू शकतं, तुझ्या शीर्षकात ती शक्यताच नव्हती. शिवाय एकाच घरातली भावंडं ताडून बघितलीस, की आजीचा गुंता बराच सुटतो, कारण आजी सगळ्यांची तीच.

अख्खा बीड जिल्हा घेऊ नकोस. एका तालुक्यातली दोन गावं पुरेत, एक वसतिगृह असलेलं, एक नसलेलं. आणि शाळेच्या वयाची किमान दोन मुलं असलेलीच घरं घे. प्रत्येक घरी बसून मागचे तीन हंगाम विचार: कोणतं मूल कुठं होतं, तेव्हा धाकटं केवढं होतं, घरी म्हातारं माणूस कोण होतं. नुसत्या हजेरीपटावर विसंबू नकोस. शिक्षकांची पदं पटसंख्येवर ठरतात, त्यामुळे गेलेल्या मुलाचं नाव पटावर तसंच असू शकतं.

आता वेळापत्रक. तू क्षेत्रकार्य डिसेंबरात धरलंयस. टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि मार्च-एप्रिलात परततात. डिसेंबरात गावात म्हातारी माणसं भेटतील, पण ठरवणारे आई-बाप सांगली-कोल्हापूरच्या फडात असतील, आणि मुकादम शेजारी उभा असताना कोण मोकळं बोलतं? दसऱ्याच्या आत एक फेरी कर, उरलेल्या मुलाखती मे महिन्यात.

सरांना हे फार छोटं वाटेल. वाद घालू नकोस. त्यांचं आवडतं ‘स्थलांतर’ उपशीर्षकात घाल आणि सही घेऊन मोकळी हो.

तुझी,
आई