वीस कूलर आणि दोन ओळींचं पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री, नागपूर जिल्हा

महोदय, सविनय नमस्कार.

माझा नागपुरात लोखंडी कूलर बनवायचा छोटा कारखाना आहे. दरवर्षी फेब्रुवारी उजाडला की शाळा, वसतिगृहं आणि सरकारी कार्यालयांतून दरपत्रकाची पत्रं यायला लागतात. मागच्या उन्हाळ्याआधी आलेल्या एका पत्राबद्दल लिहितो. कार्यालयाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, त्यांचं पत्र वाईट होतं.

पत्रात मजकूर एवढाच: "कूलर (लोखंडी), मोठा, चांगल्या प्रतीचा – 20 नग. आपले कमीत कमी दर तात्काळ कळवावेत."

आम्ही तिघांनी दर दिले. एकाने नगामागे 7,900 लिहिले, दुसऱ्याने 9,300 आणि मी 10,400. तुलनात्मक तक्ता झाला, 7,900 वाल्याला ऑर्डर गेली. कागदावर सगळं नियमात.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला आणि तिथल्या बाबूंचा मला फोन आला, "भाऊ, दोन कूलर बंद पडले, पाहून जा ना." गेलो तेव्हा फाईल टेबलावरच होती. 7,900 मध्ये जीएसटी धरलेला नव्हता. 18 टक्क्यांचे 1,422 वर लागले. पाण्याचा पंप दरात नव्हता, तो 450 ला वेगळा घेतला. स्टँड नव्हता, त्याचे 900 गेले. माल कारखान्यातून उचलायचा होता, टेम्पो आणि बसवणी मिळून नगामागे 350 पडले. बेरीज 11,022. माझ्या 10,400 मध्ये हे सगळं धरलेलं होतं. वीस नगांवर कार्यालयाचे 12,440 रुपये जास्त गेले, तेही "सर्वात कमी दर" स्वीकारून. मधला 9,300 वाला तर सोळा इंची पंख्याचा कूलर देत होता, आमचे दोघांचे अठरा इंची होते. म्हणजे तक्त्यात शेजारी शेजारी बसलेले तीन आकडे तीन वेगळ्या वस्तूंचे होते.

ऑर्डर हुकल्याचं दुःख मला आहे, ते लपवत नाही. पण त्या पुरवठादाराने खोटं काहीच केलं नाही. पत्रात पंप मागितलाच नव्हता. जे विचारलं नाही ते प्रत्येकाने आपल्या सोयीने धरलं, मीसुद्धा.

आता माझीच एक चूक सांगतो. मी दरपत्रकात "पत्रा 24 गेज" असं लिहिलं होतं. आमच्या धंद्यात सगळेच असं लिहितात. पण गेज हे माप एक नाही. एसडब्ल्यूजी या ब्रिटिश कोष्टकात 24 गेज म्हणजे सुमारे 0.56 मिलिमीटर, तर जस्ती पत्र्याच्या अमेरिकी कोष्टकात तोच 24 आकडा सुमारे 0.70 मिलिमीटर होतो. दोघेही 24 गेज लिहितील, दोघेही खरं बोलतील, आणि एकाचा पत्रा दुसऱ्यापेक्षा पाचव्या हिश्शाने पातळ असेल. त्या दिवशी बंद कूलरची मागची जाळी काढून पत्र्याच्या कापलेल्या कडेला मायक्रोमीटर लावला. 0.54 भरला, आणि तोही रंगासकट. टाकीच्या तळाला शिवणीजवळ गंज धरला होता. असा तळ दोन-तीन उन्हाळ्यांत पाझरायला लागतो. म्हणून मागणीत गेज लिहूच नये. "पत्र्याची जाडी रंग वगळून किमान 0.70 मिमी, टाकीच्या तळासह" असं लिहावं, आणि माल उतरवताना कोणतेही दोन नग निवडून मोजले जातील हेही त्याच ओळीत सांगावं. मोजणार म्हटलं की दर देतानाच माणूस जपून लिहितो.

हवेचंही तसंच आहे. एक जण 3000 सीएफएम, म्हणजे मिनिटाला 3000 घनफूट, लिहितो, दुसरा 5100 घनमीटर प्रतितास. दुसरा आकडा मोठा दिसतो, पण हवा जवळपास तेवढीच. कोणी पाणी झिरपणाऱ्या ताट्या काढून मोजलेली हवा लिहितो, कोणी लावून. मागणीत एकच एकक द्यावं आणि मोजणी आयएस 3315 या भारतीय मानकाप्रमाणे असावी असं म्हणावं. छोट्या कारखान्याकडे तसा चाचणी अहवाल नसतो. वीस नगांच्या खरेदीत तो सक्तीचा केला तर आमच्यासारखे बाहेर पडतील. तिथे पंख्याचा व्यास, मोटारचे वॅट, वाइंडिंग तांब्याचं की अॅल्युमिनियमचं आणि टाकीचे लिटर एवढं ठरवून दिलं तरी चालतं.

ताट्या वूडवूलच्या हव्यात की हनीकोंबच्या, हेही तुम्हीच ठरवून सांगा. वूडवूल स्वस्त, पण दर मोसमात बदलावं लागतं. हनीकोंब महाग आणि जास्त टिकतं, मात्र बोअरच्या खाऱ्या पाण्यात त्याची भोकं क्षाराने बुजतात. तिथे पाणी कोणतं आहे हे कार्यालयाला माहीत असतं, मला नसतं. ते पत्रात आलं तर तिघेही एकाच वस्तूचा दर देतील.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. एकदा एका पत्रात बॉडीची उंची मिलिमीटरपर्यंत आणि नॉबचा रंगसुद्धा दिलेला होता. एका कंपनीचं माहितीपत्रक समोर ठेवून उतरवलेलं, दुसरं काय! केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत वस्तूचं वर्णन वस्तुनिष्ठ आणि मोजता येण्यासारखं असावं, त्यात ठरावीक ब्रँड नसावा, असं आहेच. किती मोठ्या खोलीसाठी कूलर हवा ते सांगा. नॉब आमच्यावर सोडा.

माझी मागणी एवढीच की दर आमच्या लेटरहेडवर मागवू नका. कार्यालयाने स्वतःचा एक पानी तक्ता पाठवावा आणि आम्ही तोच भरून द्यावा. त्यात मूळ किंमत, पंप, स्टँड, वाहतूक, बसवणी आणि जीएसटी यांचे वेगळे रकाने असावेत, आणि शेवटी "जागेवर बसवून, करासह, प्रति नग" हा एकच आकडा. तुलना फक्त त्याच आकड्याची व्हावी. रकाना रिकामा राहिला तर ती बाब दरात धरलेली आहे असं समजलं जाईल, हे वर छापून टाकावं. म्हणजे नंतर पंपाचं बिल येणार नाही. दर किती दिवस कायम राहतील तेही कार्यालयानेच ठरवावं, कारण पत्र्याचा भाव हलतो आणि एकाचे पंधरा दिवस, दुसऱ्याचे साठ, हीसुद्धा बरोबरीची तुलना नाही. कोणी शंका विचारली तर तिचं लेखी उत्तर तिघांनाही जावं. मला फोनवर सांगितलेलं "स्टँड धरा बरं का" हे दुसऱ्याला कळलं नाही, तर सगळा तक्ता पुन्हा वाकडा होतो.

जिल्ह्यातल्या कार्यालयांना हे जानेवारीतच कळवलं, तर उन्हाळ्याच्या खरेदीआधी वेळ मिळेल. असा एक नमुना तक्ता पत्रासोबत जोडला आहे. जाडी, पंखा आणि टाकीच्या ओळी भरलेल्या आहेत. पाण्याची आणि ताट्यांची ओळ ज्या त्या कार्यालयाने भरायची, आणि दराचे रकाने मी कोरेच ठेवलेत.

आपला,
नागपुरातील एक कूलरवाला