आंग्स्ट आणि शाडेनफ्रॉइडे

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. इंग्रजी लेखांत भेटणाऱ्या जर्मन शब्दांचा मूळ अर्थ तू विचारलास. त्यात मला फार गोडी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी 'आंग्स्ट' घे. जर्मनीत हा अगदी रोजचा शब्द आहे. लहान मूल कुत्र्याला घाबरलं तरी आंग्स्ट, दाताच्या डॉक्टरकडे जायची धास्ती तीही आंग्स्टच. कशाची भीती ते सांगायला पुढे 'फोर' हे अव्यय लावायचं, की झालं. इंग्रजीत हा शब्द रुजला तो तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्राच्या वाटेने. डेन्मार्कचा तत्त्वज्ञ कीर्केगार्द याने 1844 मध्ये डॅनिश भाषेत या भावनेवर लिहिलं. 1927 मध्ये जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरने भेद केला, की 'फुर्ख्ट' म्हणजे अमुक एका गोष्टीची भीती आणि 'आंग्स्ट' म्हणजे जिला बोट दाखवता येत नाही अशी अस्वस्थता. इंग्रजीने हा दुसरा, निवडक अर्थच उचलला. म्हणून इंग्रजीत पौगंडावस्थेतल्या मुलाला 'अँग्स्ट' असतो, पण कुत्र्याचा अँग्स्ट कुणी म्हणत नाही. भीतीला ठरावीक कारण असेल, तर इंग्रज साधा 'फिअर'च वापरतो.

'शाडेनफ्रॉइडे'चं तसंच झालं, पण उलट्या अंगाने. 'शाडेन' म्हणजे नुकसान, 'फ्रॉइडे' म्हणजे आनंद. 1850 च्या सुमारास रिचर्ड ट्रेंच या धर्मगुरूने शब्दांवरच्या आपल्या पुस्तकात याचा उल्लेख केला तो हळहळत: दुसऱ्याच्या संकटाच्या आनंदाला भाषेत शब्द असावा, हेच त्याला भयंकर वाटलं. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉवरलाही हा आनंद सैतानी वाटे. मराठीतला 'आसुरी आनंद' त्यांना पटला असता. जर्मन घरांत मात्र पत्त्यांच्या डावात भाऊ हरला म्हणून खुदकन हसणं, हेही यातच येतं. 'शाडेनफ्रोह' हे त्याचं विशेषण तिथे सहज वापरतात. इंग्रजीने नाम घेतलं, विशेषण तिकडेच राहिलं. शिवाय इंग्रजीत हा शब्द बहुतेकदा एखाद्या गर्विष्ठ पुढाऱ्याच्या पतनावेळी येतो, म्हणजे 'बरं झालं, जिरली' अशी न्यायाची चव त्यात मिसळलेली असते. ही चव मूळ शब्दात असलीच पाहिजे असं नाही, हे वाचताना ध्यानात ठेव.

'झाइटगाइस्ट'बद्दल थोडंच. जर्मन विचारवंत हेर्डरने तो 1769 मध्ये वापरला. एका काळाचं मन, असा त्याचा आवाका. आज इंग्रजीत एखाद्या गाण्याने तो 'पकडला' म्हणणं ही शाबासकी असते. जर्मनमध्ये मात्र त्याच्यामागे धावणाऱ्याला बऱ्याचदा टोमणाच मिळतो.

तू वाचतोस त्या लेखातली वाक्यं उतरवून पाठव. कुठल्या शब्दाला कुठली छटा आहे, ते आपण वाक्यागणिक पाहू.

तुझा,
अनिरुद्ध