लूव्रला जाणाऱ्या मित्रास: दाविद आधी, देलाक्रवा नंतर

प्रिय मिलिंद,

तुझं पत्र मिळालं. पॅरिसला कामासाठी का होईना, चाललास, आणि एक मोकळा दिवस लूव्रला द्यायचं ठरवलंस, हे उत्तम झालं. तू लिहिलंयस की कुठल्याशा पुस्तकात नवअभिजातवाद म्हणजे बुद्धी आणि रोमँटिसिझम म्हणजे भावना असं वाचलंस, पण छापलेल्या चित्रांत तुला दोन्हीकडे नुसतीच मोठमोठी जुनी चित्रं दिसली. तुझी तक्रार रास्त आहे. पोस्टकार्डाएवढ्या छपाईत विषय कळतो, पण रंग कसा लावलाय ते कळत नाही, आणि या भांडणातला अर्धा मुद्दा रंग लावण्याचाच आहे.

म्हणून सगळं संग्रहालय पालथं घालू नकोस. दोन चित्रं बघ: एक नवअभिजातवादी दाविदचं, एक रोमँटिक देलाक्रवाचं. दोन्ही एकाच मजल्यावर, लाल भिंतींच्या जवळजवळच्या दालनांत आहेत. मोनालिसाकडे धावणारी गर्दी मधूनच जाते, तिला जाऊ दे. पहिल्या दालनाचं नाव ‘दारू’ आहे. हसू नकोस, नेपोलियनच्या एका अधिकाऱ्याचं ते आडनाव.

तिथे ज़ाक-लुई दाविदचं ‘होरेशियस बंधूंची शपथ’ शोध. साधारण अकरा फूट उंच, चौदा फूट रुंद. हे चित्र त्याने 1784 मध्ये रोममध्ये बसून पूर्ण केलं आणि 1785 च्या पॅरिसच्या सालोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी प्रदर्शनात, मांडलं. गोष्ट रोमच्या पुराणकाळातली. रोम आणि आल्बा या शहरांचं वैर तीन-तीन भावांच्या लढाईने मिटवायचं ठरतं. रोमकडून होरेशियस बंधू, आल्बाकडून क्युरिएशियस बंधू. पण होरेशियसांची बहीण कॅमिला हिचं लग्न क्युरिएशियसांपैकी एकाशी ठरलेलं आहे, आणि क्युरिएशियसांची बहीण सबीना होरेशियसांच्या घरात सून म्हणून नांदते आहे. म्हणजे कोणीही जिंको, या घरात रडारड ठरलेली. पुढे एकटा होरेशियस जिवंत परत येतो, कॅमिला आपल्या मेलेल्या वाग्दत्तासाठी शोक करते, म्हणून तो तिलाही ठार करतो.

आता दाविदने काय निवडलं ते बघ. 1781 चं त्याचं एक रेखाचित्र व्हिएन्नामध्ये आहे. त्यात बहिणीचा खून होऊन गेलेला आहे आणि म्हातारा बाप लोकांसमोर मुलाची बाजू मांडतो आहे. हा प्रसंग त्याने सोडून दिला. रंगवला तो सगळ्याच्या आधीचा क्षण, ज्यात अजून काहीच घडलेलं नाही, फक्त ठरलेलं आहे. गंमत म्हणजे ही शपथ जुन्या रोमन इतिहासात अशी सापडतही नाही, ती दाविदची कल्पना. निर्णय घेतानाची माणसं त्याला हवी होती, निर्णयाचे परिणाम भोगणारी नकोत.

निदान मध्यभागी तरी नकोत. मागे तीन कमानी, त्यांच्यासमोर तीन गट. डावीकडे तिघे भाऊ, इतके सारखे की एकाच माणसाचे तीन ठसे वाटावेत. मध्ये लाल झग्यातला बाप, हातात तीन तलवारी. फरशीच्या रेषा नजरेने मागे नेत जा, त्या तलवारी धरलेल्या मुठीजवळ येऊन मिळतात. पुरुषांची शरीरं सगळी सरळ रेषांची, ताणलेली. उजवीकडे बायका, खांदे पडलेले, सगळ्या रेषा वळून खाली ओघळणाऱ्या. त्यांच्या मागे एक बाई दोन मुलांना कवेत घेऊन बसली आहे, आणि थोरला तिच्या बोटांच्या फटीतून मोठ्यांकडे बघतो आहे. म्हणजे भावना या चित्रात आहेत, भरपूर आहेत. फक्त त्यांना एक कोपरा दिलेला आहे. माझ्या मते नवअभिजातवादातली ‘बुद्धी’ ती हीच: जे वाटतं ते नाकारायचं नाही, त्याची जागा ठरवून द्यायची.

मग शक्य तितका जवळ जा आणि बापाच्या दंडाकडे बघ. ब्रशची खूण शोध. जवळजवळ सापडत नाही. दाविद आधी नग्न आकृती काढायचा, मग त्यावर कपड्यांच्या घड्यांचा वेगळा अभ्यास, मग चौकटी आखून मोठ्या कॅनव्हासवर नेणं. रंग येईपर्यंत चित्राचं सगळं ठरून गेलेलं असे. सावल्या पातळ, तपकिरी आणि पारदर्शक, उजेडाचा भाग थोडा जाड, आणि दोन्हींमधला सांधा मऊ ब्रशने घोटून गुळगुळीत. कडा मात्र सुरीने कापल्यासारखी. जे.जे.मध्ये प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांसमोर बसवून आमच्याकडून जे घोटून घेतलं, त्याचा उगम युरोपातल्या याच शिस्तीत आहे. आधी आकार, मग छायाप्रकाश, रंग शेवटी. फार कंटाळा यायचा, पण हात तयार झाला, हे कबूल करायला हवं.

हा गुळगुळीतपणा हाताला ब्रश येत नव्हता म्हणून नाही. त्याच दालनात दाविदचंच ‘मादाम रेकामिए’ आहे, 1800 चं, अपुरं राहिलेलं. तिच्या मागची भिंत बघ: पातळ रंग भराभर घासलेला, फटकारे उघडे. होरेशियसमध्ये ते झाकले, कारण बघणाऱ्याला चित्रकाराचा हात दिसू नये, फक्त कृत्य दिसावं, अशी त्याची इच्छा होती.

आता पलीकडच्या मोठ्या दालनात जा, युजेन देलाक्रवाच्या ‘सार्डानापालसचा मृत्यू’समोर. तेरा फूट उंच, सोळा फुटांहून रुंद. 1827 च्या सालोंसाठीचं हे चित्र, प्रदर्शनात लागलं ते 1828 च्या सुरुवातीला. देलाक्रवा तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. दाविद दोनच वर्षांपूर्वी, ब्रसेल्सला हद्दपारीत वारला होता.

विषय इंग्रज कवी बायरनच्या 1821 च्या नाटकावरून सुचलेला. असिरियाचा राजा, नगराला वेढा पडलाय, हार नक्की. नाटकात राजा स्वतःची चिता रचतो आणि त्याची प्रिय दासी मिरा स्वखुशीने त्याच्याबरोबर जाते. देलाक्रवाने मात्र कत्तल रंगवली. राजाच्या हुकुमावरून त्याच्या स्त्रिया, घोडे, सगळं त्याच्या डोळ्यांदेखत मारलं जातंय. दाविदने खून गाळून शपथ घेतली, याने नाटकात नसलेले खून आणून घातले. दोघांनीही मूळ गोष्टीत फेरफार केला, पण उलट दिशांना. विषयाचा फरक विचारशील तर तो मला इथे दिसतो. एकजण रोममध्ये आणि दुसरा पूर्वेत गेला, हा वरवरचा फरक.

उभं राहायला जमीन शोधून बघ, सापडणार नाही. हत्तीच्या मुंडक्यांनी सजवलेला प्रचंड पलंग, त्यावरचं लाल वस्त्र वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे घसरत येतं आणि त्याबरोबर शरीरं, दागिने, भांडी सगळंच आपल्या अंगावर येतं. डावीकडे एक गुलाम सजवलेला पांढरा घोडा ओढतोय. उजवीकडे पुढे एका विवस्त्र स्त्रीला एकजण मागून धरून भोसकतो आहे. त्या काळच्या टीकाकारांना ही गर्दी म्हणजे शुद्ध गोंधळ वाटला. दृश्यखोली चुकली आहे, हा त्यांचा आक्षेप हिशेबाने खोटा नाही. पण फरशीच्या रेषा नीट मुठीकडे जाणारी खोली इथे आणली असती तर हे चित्र उभं राहिलंच नसतं.

पुन्हा जवळ जा. आता खुणाच खुणा. ज्या स्त्रीला मारलं जातंय तिच्या अंगावर उजेड मोत्यासारखा आहे, पण सावली तपकिरी नाही. थंड आणि उबदार छटा एकमेकींशेजारी ठेवल्या आहेत, घोटून एक केलेल्या नाहीत. कडा काही ठिकाणी ठळक, काही ठिकाणी शेजारच्या रंगात विरून गेलेल्या. दागिन्यांवर तर जाड रंगाचा एक ठिपका ठेवून तो पुढे सरकला आहे. चार पावलं मागे आलास की तोच ठिपका चकाकतो. हे त्याने जुन्या फ्लेमिश चित्रकार रुबेन्सच्या नकला करत उचललं. या चित्रासाठी त्याने केलेले काही अभ्यास पेस्टलच्या रंगीत खडूंतले आहेत, म्हणजे रंग शेवटी भरायची गोष्ट न राहता पहिल्या विचारापासूनच सोबत आला. सरकारने चित्र विकत घेतलं नाही. कलाखात्याच्या प्रमुखाने त्याला बजावलं की सरकारी कामं हवी असतील तर रंगवण्याची रीत बदल. त्याने बदलली नाही. लूव्रमध्ये हे चित्र आलं थेट 1921 मध्ये.

आणि या सगळ्या आगडोंबात राजा बघ. वर डावीकडे, पांढऱ्या वस्त्रात, हातावर डोकं टेकवून पडलेला, जणू काही घडतच नाही. चित्रातला एकमेव शांत माणूस. दाविदच्या चित्रात थंडपणा चित्रकाराच्या हातात आहे आणि चित्रातली माणसं पेटलेली आहेत. देलाक्रवाकडे हात पेटलेला आहे आणि थंडपणा त्या राजाकडे सोपवलेला. हे मला कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नाही, दोन दालनांत येरझाऱ्या घालताना सुचलं. तुला पटतं का बघ.

एक सावधगिरी मात्र बाळग. फटकारा दिसला की भावना, आणि गुळगुळीत दिसलं की बुद्धी, असं समीकरण करू नकोस. जर्मनीतला कास्पार डेव्हिड फ्रीडरिश रोमँटिक म्हणून सगळ्यांच्या तोंडी असतो, पण त्याचा रंग पातळ आणि इतका नितळ की ब्रश दिसत नाही. त्याचं हळवेपण विषयात आणि मोकळ्या आकाशात आहे. उलट दाविदच्या ‘माराचा मृत्यू’मध्ये जवळजवळ अर्धं चित्र म्हणजे नुसती रिकामी भिंत, आणि तिथे ब्रशच्या बारीक खुणा दिसतात. विषय आणि ब्रश असे वेगवेगळे तपासले की माणूस कुठल्या बाजूचा ते कळतं, आणि काहीजण दोन्हीकडे पाय ठेवून उभे असतात तेही कळतं.

तसा एकजण तिथेच भेटेल. आंग्रचं 1814 चं ‘ला ग्रांद ओदालिस्क’ बघ. दाविदचा शिष्य, रेषेला कलेचा प्रामाणिकपणा मानणारा, पुढे देलाक्रवाचा कट्टर विरोधक. रंग काचेसारखा घोटलेला. पण विषय पूर्वेकडच्या जनानखान्यातली स्त्री, आणि पाठ इतकी लांब की तेव्हाच टीकाकारांनी मणके जास्त झाल्याची थट्टा केली. शरीरशास्त्राचा हिशेब मोडून त्याने ती रेष लांबवली, कारण त्याला ती तशी हवी होती. हिला कुठल्या बाजूला टाकायचं ते तू बघून मला लिही, माझं मत मी आत्ता सांगत नाही.

मंगळवारी लूव्र बंद असतं, आणि शुक्रवारी रात्रीपर्यंत उघडं. जमलं तर शुक्रवारी संध्याकाळचा जा, गर्दी जरा ओसरलेली असते. मोठ्या चित्रांवर व्हार्निशची चकाकी येते, तेव्हा समोरून न बघता थोडं बाजूला सरकून बघ. वहिनींना नमस्कार, आणि मुलीला सांग की तिच्यासाठी मागवलेले जलरंग आलेत, तू परतलास की घेऊन जा.

तुझा,
अनिल