जाहिरातीची पाटी दहा सेकंदांत जाते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘व्हिडिओ पाहून टॉनिक घेतले आणि पैसे पाण्यात गेले’ अशी एका द्राक्ष बागायतदाराची तक्रार आपल्या वाचकपत्रांत वाचली. मी त्या कॅमेऱ्याच्या पलीकडचा माणूस. शेतीच्या एका मराठी यूट्यूब चॅनलसाठी व्हिडिओची कापाकापी, आवाज, थंबनेल आणि शेवटी अपलोड ही कामे मी करतो. त्यामुळे त्या वाचकाला काय दिसायला हवे होते आणि ते का दिसले नसावे, हे मला थोडेफार सांगता येईल. आमची स्वतःची चूक सांगितल्याशिवाय मात्र ते सांगता येणार नाही.

मागच्या हंगामात एका टॉनिक कंपनीचे काम आले. आम्हाला पैसे आणि बागायतदाराला एक कॅन फुकट. बाग माणिक चमनची, मणी फुगवणीच्या अवस्थेत. मालक कॅमेऱ्यासमोर म्हणाले, “फरक वाटतोय. पण यंदा पाऊसबी बेताचा झाला, त्यामुळं नेमकं कशानं ते सांगता यायचं नाही.” कंपनीला हे उत्तर नको होते आणि मालकांना पुन्हा गाठायला वेळ नव्हता. आमच्यातल्या एकाने त्यांचा आवाज एका एआय साधनाला दिला आणि “ह्याच टॉनिकनं माझा मणी अठरा मिलिमीटर झाला” हे वाक्य तयार करून घेतले. पडद्यावर घडाला लागलेला त्यांचा हात आणि मागून हा आवाज. ड्रोनवाला आला नव्हता, म्हणून सुरुवातीची हिरवीगार बागही एआयनेच बनवली. हे सगळे जोडले मी.

तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. “अहो, हे मी कवा बोललो? पाव्हणं फोन करून कॅन कुठं मिळतो इचारायला लागल्यात.”

यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओचे तपशील भरताना खाली Show more दाबले की दोन जागा येतात. एक Paid promotion. पैसे घेऊन किंवा फुकट माल घेऊन एखाद्या वस्तूची भलामण केली असेल तर तिथे खूण करायची, म्हणजे प्रेक्षकाला तशी पाटी दिसते. दुसरी Altered content. तिथे हो की नाही एवढेच विचारतात, पण प्रश्न तीन गोष्टींचा असतो: खरा माणूस जे बोलला किंवा वागला नाही ते त्याच्या नावावर दाखवले आहे का, खऱ्या घटनेच्या किंवा जागेच्या चित्रणात फेरफार केला आहे का, आणि न घडलेले पण खरे वाटेल असे दृश्य बनवले आहे का. २०२४ च्या मार्चपासून हा प्रश्न आहे. आम्ही पहिली खूण केली नाही आणि दुसरीकडे ‘No’ ठेवले. चॅनलवाल्यांमध्ये समज असा, की खूण केली की व्ह्यूज पडतात. एआयच्या खुणेबाबत तर यूट्यूबनेच लिहून ठेवले आहे की तिच्यामुळे प्रेक्षक किंवा कमाई कमी केली जात नाही. उलट लपवले आणि त्यांना कळले, तर ते स्वतः पाटी लावतात आणि ती आम्हाला काढता येत नाही. वारंवार लपवले तर व्हिडिओ जाऊ शकतो, कमाईही बंद होऊ शकते.

एआय हातात घेतले की दरवेळी ‘हो’ म्हणायचे, असे मात्र नाही. वाऱ्याचा आवाज काढला, रंग उजळले, सबटायटल बनवले किंवा कार्टूनमधला बोलणारा बैल दाखवला, तर सांगायची सक्ती नाही. आमच्या व्हिडिओत बनवलेले वाक्य आणि बनवलेली बाग, दोन्हींसाठी ‘हो’ हवे होते. बागेबद्दल आमच्याकडे बराच वाद झाला. ‘नुसते वातावरण आहे, त्याने कोण फसणार?’ असे एकाचे म्हणणे. पण टॉनिकच्या व्हिडिओत भरगच्च हिरवी बाग म्हणजे पुरावाच की! बघणारा ती टॉनिकच्या खात्यावरच जमा करणार.

फोननंतर आम्ही दुरुस्ती केली. चढवलेल्या व्हिडिओची फाइल यूट्यूबवर बदलता येत नाही, पण स्टुडिओतच मधला तुकडा कापता येतो. अठरा मिलिमीटरचे वाक्य कापले आणि दोन्ही खुणा केल्या. मालकांची माफी मागायला बागेत जावे लागले, ते वेगळेच.

मग दुरुस्त झालेला व्हिडिओ वडिलांच्या फोनवर लावून पाहिला. Includes paid promotion ही पाटी सुरुवातीला दहा सेकंद कोपऱ्यात आली आणि गेली. फोन इंग्रजीत, म्हणून पाटीही इंग्रजीत. वडील तेव्हा चष्मा शोधत होते. टॉनिकचा विषय निघतो चार मिनिटांनंतर. एआयची पाटी तर चित्रावर आलीच नाही. आरोग्य, निवडणूक, बातम्या, पैसापाणी अशा नाजूक विषयांत ती व्हिडिओवर ठळक दिसते. एरवी ती खालच्या वर्णनात असते आणि ते वर्णन उघडून वाचणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही. त्याहून मोठी अडचण व्हॉट्सअॅपची. या पाट्या यूट्यूब चित्रावर वरून ठेवते, त्या फाइलमध्ये नसतात. टॉनिकचा दीड मिनिटाचा तुकडा कोणी कापून गावच्या ग्रुपवर टाकला की दोन्ही पाट्या गळून जातात आणि उरतो फक्त ओळखीच्या बागायतदाराचा चेहरा.

म्हणजे यूट्यूबची खूण केली की सुटलो, असे होत नाही. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था ‘अॅस्की’ हिचे इन्फ्लुएन्सरांसाठीचे नियम जून २०२१ पासून आहेत आणि ते अधिक कडक आहेत. व्हिडिओ दोन मिनिटांचा किंवा मोठा असेल, तर वस्तूबद्दल बोलणे चालू असेपर्यंत जाहिरातीची पाटी चित्रावर हवी. आमच्या व्हिडिओत तो भाग चार मिनिटे दहा सेकंदांपासून सात मिनिटांपर्यंत होता, म्हणजे पाटी दोन मिनिटे पन्नास सेकंद दिसायला हवी होती. पंधरा सेकंदांपेक्षा मोठ्या पण दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ, म्हणजे पंचेचाळीस सेकंदांच्या शॉर्टमध्ये पंधरा सेकंद. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले, की व्हिडिओत हे लिहून दाखवा आणि बोलूनही सांगा, आणि भलामण ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत करा. मराठीत कौतुक आणि तळाला हॅशटॅगांच्या गर्दीत ‘अॅड’ असे चालत नाही. ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीसाठी भलामण करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड आहे, हे आमच्या धंद्यातल्या बहुतेकांना ऐकूनही माहीत नाही.

आता आम्ही पट्टी फाइलमध्येच पक्की बसवतो. तुकडा कापला तरी ती त्याच्याबरोबर जाते. एकदा विषय सुरू होताना निवेदक तोंडानेही सांगतो. पट्टीवर मजकूर असा: ‘ही जाहिरात आहे. कंपनीने आम्हाला पैसे आणि शेतकऱ्याला औषध फुकट दिले आहे.’ एआयचे दृश्य असेल तितका वेळ ‘हे दृश्य संगणकाने बनवलेले आहे’ ही दुसरी ओळ. पुढच्या कंपनीने कच्चा व्हिडिओ पाहून एकच बदल सुचवला: अक्षर जरा बारीक करता येईल का आणि रंग पांढऱ्याऐवजी पानांसारखा हिरवा चालेल का. आम्ही नाही म्हणालो. ते काम दुसऱ्या चॅनलला गेले. व्हिडिओ आला आहे, पट्टी कुठे दिसत नाही.

आपला,
एक व्हिडिओ एडिटर, तासगाव (जि. सांगली)