तुमच्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तर: नाशिकरोडच्या आमच्या केंद्राध्यक्ष मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

२० नोव्हेंबर २०२४ला, विधानसभेच्या मतदानादिवशी, आम्ही निघत असताना तुम्ही विचारलंत, "काका, कुठे काही अडलं का?" मागे रांग वाढत होती म्हणून मी "नाही, सगळं छान झालं" एवढंच बोललो आणि बाहेर पडलो. आभारही धड मानले नाहीत. तुमचं नाव मला माहीत नाही, फक्त आवाज ओळखीचा आहे. म्हणून हे उघड पत्र. आभार तर मानायचेच आहेत, पण त्या प्रश्नाचं खरं उत्तरही द्यायचं आहे.

मी जन्मांध. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होतो, आता निवृत्त आहे. माझ्या पत्नीला लहानपणी पोलिओ झाला, ती व्हीलचेअर वापरते. मतदान आम्ही कधीच चुकवलं नाही. पण त्या दिवशीपर्यंत माझं मत मी स्वतः दिलं होतं असं मला छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

आधीच्या एका मतदानाची गोष्ट सांगतो. केंद्र कुठलं ते सांगत नाही. मी आत गेलो, तर टेबलामागच्या माणसाने मला काही न विचारता माझ्या पुतण्याला विचारलं, "यांचं मत तुम्हीच देणार ना?" मी म्हणालो, मला ब्रेल वाचता येतं. "असू द्या काका, गर्दी आहे," असं म्हणून पुतण्याची सही घेतली आणि दोघांना कप्प्यात पाठवलं. मला त्याच्या कानात कुजबुजावं लागलं. पुतण्या गुणी आहे, मी सांगितलं तेच बटण त्याने दाबलं असणार. पण 'असणार' हा शब्द मनातून जात नाही. आणि माझं मत त्याला कळलं ते कळलंच.

तुमच्याकडे पहिला फरक दाराबाहेरच जाणवला. त्या जुन्या केंद्रावर तीन पायऱ्यांवर एक फळी टाकलेली होती, जेमतेम सहा फुटांची. तीन पायऱ्या म्हणजे साधारण दीड फूट उंची. फूटभर चढायला बारा फूट लांबी, हा रॅम्पचा हिशेब. म्हणजे तिथे अठरा फूट हवे होते. सहा फुटांच्या फळीवर खुर्ची ढकलली की पुढची छोटी चाकं वर उचलली जातात आणि बसलेला माणूस मागे कलंडतो. त्या दिवशी दोघांनी खुर्ची उचलून पत्नीला आत नेलं होतं. ती घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. तुमच्या शाळेचा रॅम्प लांब होता, कठडा होता, आणि खाली जिथे तो जमिनीला टेकतो तिथे सिमेंटचा हात फिरवलेला होता. ही शेवटची गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. तिथे इंचभर कड राहिली तरी चाक अडतं. पत्नी म्हणाली, "अहो, इथे धक्काच बसला नाही."

मग आत आलो आणि तुम्ही माझ्या पुतण्याशी न बोलता माझ्याशी बोललात. "काका, तुम्हाला कशी सोय हवी? ब्रेलची मतपत्रिका आहे, किंवा सोबतीही घेऊ शकता. तुम्ही ठरवा." इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला.

ब्रेलमधली नमुना मतपत्रिका तुम्ही पाकिटातून काढून माझ्या हातात दिलीत. ती प्रत्येक केंद्राध्यक्षाच्या साहित्यात येते. माझा अंदाज आहे की जुन्या केंद्रावरही ती होती, पाकिटातच राहिली. अनुक्रमांक, उमेदवाराचं नाव, पक्ष, सगळं बोटांनी वाचलं. मला हवा तो क्रमांक लक्षात ठेवला आणि कागद तुम्हाला परत केला. मतदान यंत्रावर निळ्या बटणांच्या शेजारी ब्रेलमध्ये आकडे असतात, एवढं मी ऐकून होतो. प्रत्यक्ष बोट टेकवलं ते त्या दिवशी. उजवीकडच्या कडेने वरून खाली येत गेलो, माझा आकडा लागला, शेजारचं बटण दाबलं.

आणि काहीच झालं नाही. तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी घाबरून हाक मारली असती. पण तुमचे शब्द कानात होते: "बटण दाबल्यावर लगेच आवाज येणार नाही. शेजारच्या यंत्रात चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग ती आत पडते, मग बीप वाजतो. तोवर थांबा." डोळस माणूस ते सात सेकंद चिठ्ठी बघण्यात घालवतो. आमच्यासाठी ती नुसती शांतता असते, आणि त्या शांततेत अंध मतदाराला वाटतं की बटण नीट दाबलं गेलं नाही. मी मनात आकडे मोजले. मग लांब बीप वाजला. मॅडम, तो आवाज अजून कानात आहे.

पत्नीच्या वेळी तुम्ही जे केलंत ते मला तिच्याकडूनच कळलं. पुतण्या खुर्ची ढकलत कप्प्यापर्यंत गेला आणि सवयीने तिथेच उभा राहिला. तुम्ही त्याला म्हणालात, "दादा, यांचे हात चालतात, चिन्हं दिसतात. तुम्ही खुर्ची लावून द्या आणि इकडे माझ्या टेबलाजवळ या." व्हीलचेअरवाल्या माणसासोबतचा माणूस खुर्चीचाच भाग आहे असं सगळे धरून चालतात. पत्नी इतकी वर्षं कुणीतरी खांद्यामागे उभं असताना बटण दाबत आली होती आणि हे चुकीचं आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

तुमच्या नियमाच्या पक्केपणाचा आणि माणुसकीचा कस लागला तो आमच्या शेजारच्या काकांच्या वेळी. त्यांची नजर साठीनंतर मधुमेहाने गेली, त्या वयात ब्रेल कोण शिकणार? त्यांना सोबती हवाच होता. घरचं कुणी नव्हतं म्हणून त्यांनी माझ्या पुतण्याला विचारलं. टेबलावरचे दुसरे कर्मचारी म्हणाले, "हा तर या दोघांबरोबर आलाय, एका माणसाला एकाचाच सोबती होता येतं." तुम्ही शांतपणे समजावलंत. नियम ४९ एन काय म्हणतो? मतदाराला चिन्ह ओळखता येत नसेल किंवा मदतीशिवाय बटण दाबता येत नसेल, तर अठरा वर्षं पूर्ण झालेला सोबती कप्प्यात नेता येतो, आणि एका दिवसात एकाच मतदाराचा. माझं मत मी दिलं, पत्नीचं तिने दिलं. पुतण्या दोघांपैकी कुणाचाच सोबती झालेला नव्हता, त्याने फक्त खुर्ची ढकलली होती. म्हणून काकांसोबत तो जाऊ शकत होता. त्याने मत गुप्त ठेवण्याचं आणि त्या दिवशी दुसऱ्या कुणाचा सोबती न झाल्याचं प्रतिज्ञापन सही करून दिलं, काकांची नोंद नमुना १४-अ मध्ये झाली, आणि पुतण्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीला शाई लागली. डाव्या बोटाला स्वतःच्या मताची आधीच होती. संध्याकाळी तो दोन्ही बोटं सगळ्यांना दाखवत फिरत होता.

पण पाठोपाठ काकांची बहीण आली. तिचे हात इतके थरथरतात की बटण दाबता येत नाही. तिनेही पुतण्यालाच हाक मारली, तेव्हा मात्र तुम्ही नाही म्हणालात. एका केंद्रावर एकच माणूस दहा म्हाताऱ्यांना आत नेऊ लागला तर मतं कुणाची, हे कारण तुम्ही त्यांना सांगितलंत. कर्मचाऱ्यांपैकी कुणाला पाठवा, असंही कुणीतरी सुचवलं, तेही चालत नाही म्हणालात. मग त्यांची सून जेल रोडवरून येईपर्यंत त्यांना सावलीत खुर्ची देऊन बसवलंत, आणि सून आल्यावर रांगेत न थांबवता आत घेतलंत.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दोन गोष्टी अडल्या.

एक, ब्रेलची पत्रिका मी तुमच्या टेबलाजवळ उभ्याने वाचली. मोठा कागद एका हातात धरून दुसऱ्या हाताने वाचणं कठीण जातं, आणि माझं बोट कोणत्या नावावर थांबतंय हे बाजूला बसलेल्या पोलिंग एजंटना दिसत असेल असं सारखं वाटत होतं. म्हणून मी मुद्दाम सगळी नावं दोनदा वाचली. भिंतीकडे तोंड करून बसता येईल असं एक छोटं टेबल आणि खुर्ची मिळाली तर बरं.

दुसरी गोष्ट तुमच्या हातातली नाही. चिठ्ठीवर काय छापून आलं हे मला कळायला काही मार्ग नाही. घरी मी कागद फोनसमोर धरतो आणि फोन वाचून दाखवतो, पण केंद्रात फोन नेता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणजे बीप वाजला, मत नोंदलं गेलं, हे मला समजतं. कुणाला गेलं, ते माझ्या बोटांवरच्या विश्वासावर. हे तुमच्या अहवालात लिहायची जागा असेल तर जरूर लिहा.

घरून मतदान का केलं नाही, असंही तुम्ही पत्नीला विचारलं होतंत. चाळीस टक्क्यांच्या वर अपंगत्व असल्याने आम्हाला दोघांनाही ते करता आलं असतं. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत १२-डी अर्ज भरायचा होता, अर्ज घरी आणूनही ठेवला होता. पण घरी कागदाची मतपत्रिका येते. ती माझ्या बोटांना वाचता येत नाही, म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी कानात कुजबुजणं आलं. आणि एकदा तो मार्ग घेतला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. पत्नीचं कारण वेगळं होतं. तिला बाहेर पडायचं होतं, नोव्हेंबरच्या थंडीत शाल पांघरून, बाकीच्या गल्लीबरोबर.

पुढच्या वेळी तुमची ड्यूटी कुठे लागेल कोण जाणे. काकांच्या बहिणीने मात्र सुनेला आत्ताच सांगून ठेवलंय, त्या दिवशी सकाळी कुठे जायचं नाही.

आपला कृतज्ञ,
नाशिकरोडचा एक मतदार