आशाताईच्या फॉर्मवर ‘हो’ लिहिलं, पुढे काय?

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

आशाताई घरोघर आजारांच्या चाचपणीचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात बायकांसाठी एक प्रश्न आहे: पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होतो का? प्रश्न अगदी योग्य आहे. माझी तक्रार आहे ती त्याला ‘हो’ म्हटल्यावर जे होतं, त्याबद्दल.

आमच्या देवगडकडच्या माझ्या काकी 61 वर्षांच्या. पाळी जाऊन नऊ वर्षं झालेली. मे महिन्यात आमसुलं वाळत घालताना लुगड्याला डाग दिसला. ‘आंबे खाऊन उष्णता झाली,’ म्हणून त्या धणे-जिऱ्याचं पाणी पीत राहिल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा डाग. आशाताईने फॉर्मवर ‘हो’ लिहिलं आणि शिबिराला पाठवलं. तिथे गर्भाशयाच्या तोंडाला ॲसिटिक ॲसिड लावून पाहिलं, ‘काही नाही’ म्हणून घरी धाडलं. तोंडाला खरंच काही नव्हतं. रक्त येत होतं गर्भाशयाच्या आतल्या अस्तरातून, आणि ते या तपासणीत दिसतच नाही.

मी निवृत्त परिचारिका, म्हणून हटून बसले. योनीमार्गातून सोनोग्राफी केली तर अस्तर 11 मिलिमीटर. पाळी गेलेल्या बाईला रक्त जात असेल आणि अस्तर 4 मिलिमीटरच्या वर असेल, तर अस्तराचा तुकडा काढून तपासायलाच हवा. जाड अस्तर म्हणजे कॅन्सरच असं नाही, साधा मोड म्हणजे पॉलिपही असतो. निदान तुकड्यावरच होतं.

तुकडा काढायला प्रत्येकीला भूल लागत नाही. पेनच्या रिफिलएवढी, साधारण 3 मिलिमीटरची प्लास्टिकची नळी आत सरकवतात, आतला दांडा मागे ओढला की अस्तराचे धागे त्यात खेचले जातात. दोन-तीन मिनिटं पाळीसारखी कळ येते. नमुना फॉर्मेलिनच्या बाटलीत, बाटली पॅथॉलॉजिस्टकडे. कधी नमुना अपुरा येतो, कधी नळी गाठीला चुकवते. म्हणून रिपोर्ट चांगला येऊनही रक्त थांबलं नाही, तर दुर्बिणीने पाहून पुन्हा तुकडा घ्यावा लागतो.

काकींचा रिपोर्ट आला: अस्तराचा कॅन्सर, ग्रेड 1. पिशवी, नळ्या आणि बीजकोश काढले. रोग पिशवीबाहेर गेलेला नव्हता, त्यामुळे शेक किंवा किमो काहीच लागलं नाही. हा कॅन्सर पिशवीत असतानाच रक्त दाखवतो, म्हणून तो बहुतेकींत लवकर सापडतो. अर्थात त्या डागाला कोणी उष्णता म्हटलं नाही तर.

ही नळी आणि फॉर्मेलिनची बाटली प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठेवा. नमुना जिल्ह्याला नेणारी गाडी ठरवून द्या. आणि त्या ‘हो’पुढे फॉर्मवर एक ओळ छापा: फक्त तोंडाची तपासणी नको, सोनोग्राफी करा आणि गरज दिसली तर तुकडा घ्या.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग