एकाच स्क्वॉडमधली दोन पोरं

प्रिय शुभे,

फोनवर हे धड सांगता येत नाही आणि इथे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "हो ना, आजकालची पोरं" एवढंच म्हणून मोकळे होतात, म्हणून लिहितेय. तब्येत ठीक आहे, गुडघा तसाच.

ओंकारचं तुला कळलंच असेल. दिवाळीच्या सुट्टीनंतर दादानं त्याचा मोबाईल काढून कपाटात ठेवला, पोरगं जेवेना, आई रडायला लागली, मग दादाचा मला फोन, "वर्षा, पोराला मोबाईल गेमचं व्यसन लागलंय, दारूसारखंच आहे हे." हे वाक्य ऐकलं आणि पहिली तू आठवलीस. कारण दारू घरात असते म्हणजे काय हे तू काकांच्या वेळी बघितलंयस आणि दादानं नाही बघितलेलं.

मिरजेला गेले. गेल्या गेल्या मोबाईल परत द्यायला लावला, दादा माझ्यावर भडकला, पण त्याशिवाय बघणार काय? दोन आठवडे वहिनीला फक्त वहीत लिहायला सांगितलं, कधी खेळला, कुणाबरोबर, त्याच्या आधी काय झालं होतं, आणि काय करायचं राहिलं. बोलायचं काहीच नाही. वहीत काय निघालं बघ. रोज चार तास, बीजीएमआय, म्हणजे तो चौघांची टोळी करून खेळायचा बंदुकांचा गेम, बहुतेक रात्री साडेनऊ ते दीड, कारण स्क्वॉडमधली चौघं क्लास संपवून तेव्हाच ऑनलाईन येतात. पण संध्याकाळची कबड्डी एकदाही बुडवली नाही. मामाच्या लग्नाला दोन दिवस गेला तर फोन खिशातच होता. खेळला किती हे विचारलं तर खरं सांगतो. सहामाहीला मार्क थोडे घसरलेत आणि सकाळी पहिल्या तासाला डुलक्या देतो. म्हणजे त्रास आहे, पण तो झोपेचा आहे.

आणि त्याच स्क्वॉडमधला दुसरा पोरगा, वरच्या गल्लीतला, त्याचं नाव लिहीत नाही. तासांचं म्हणशील तर सुरुवातीला दोघांचे सारखेच होते. पण त्याची कबड्डी सुटली, मग क्लास सुटला, आता शाळेत जातच नाही. आईच्या फोनवरून यूसी, म्हणजे गेममधलं चलन, घ्यायला पैसे काढले आणि मेसेज डिलीट केले. ओंकारच मला म्हणाला, "आत्या, तो खेळताना खूश नसतो, शिव्या घालत असतो, तरी एकटाच पहाटेपर्यंत खेळतो." शुभे, पंधरा वर्षांच्या पोरानं माझं अर्धं काम करून टाकलं बघ.

आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत, गेमिंग डिसऑर्डरला तासांचा आकडाच दिलेला नाही. तिथे बघायचं ते हे, की खेळणं हातात राहिलंय का, बाकी सगळ्याच्या वर जाऊन बसलंय का, आणि नुकसान दिसत असूनही चालूच आहे का, आणि त्यानं शाळा, घर, माणसं यांचं खरंच मोडतंय का. तेही साधारण वर्षभर, फारच गंभीर असेल तर त्याच्या आधीही धरतात. सुट्टीतल्या महिनाभरावरून कुणाला शिक्का मारायचा नसतो. दादाचा सगळा भर मात्र एकाच गोष्टीवर, "फोन ओढला की अंगावर येतो." अरे पण मॅच मध्येच सोडली की बाकीचे तिघे अडकतात, पोराची रँक जाते! तू परीक्षेच्या आदल्या रात्री कॅरमवर बसायचीस आणि क्वीन घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणून मेसच्या मावशींशी भांडायचीस, ते काय व्यसन होतं का? मध्येच ओढल्यावर येणारा राग वेगळा, आणि फोन नसताना दिवसचे दिवस सैरभैर होणं, कशातच जीव न लागणं वेगळं. हे दादाला तीनदा सांगितलं.

मग बसलो सगळे जेवणाच्या टेबलाशी, आईसकट. दादा म्हणाला रोज एक तास, ओंकार म्हणाला तीन. मी म्हटलं तास सोडा, मॅच धरा, कारण एक पूर्ण मॅच अर्ध्या तासाच्या आसपास जाते आणि घड्याळ नेमकं मॅचच्या मध्ये संपतं, रोजचं भांडण तिथेच होतं. ठरलं ते असं: शाळेच्या दिवशी तीन मॅच, शेवटची साडेनऊच्या आत सुरू झाली पाहिजे, नंतर नवीन नाही. चालू मॅच कुणी ओढायची नाही. रविवारी दुपारी मोकळं, सीझन संपायच्या आठवड्यात दोन मॅच जास्त, पण ते आधी सांगून. मोडलं तर दुसऱ्या दिवशी एक मॅच कमी, महिनाभर जप्ती वगैरे नाही. आणि रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, सगळ्यांचे. यावर दादा गप्प झाला, कारण बारा-बारापर्यंत रील्स बघणारा तोच. गेममध्ये अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, पण या सगळ्या पोरांनी वय वाढवून टाकलंय, त्यामुळे तिच्या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता.

चौथ्याच दिवशी मोडलं. नऊ पन्नासला मॅच सुरू केली, दादा उठला, वहिनीनं त्याला हात धरून बसवलं, मॅच संपू दिली आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे दोनच दिल्या. त्या दोनवर पोरानं हुज्जत घातली नाही. आता साडेदहाला झोपतो, अधूनमधून अकरा होतात. स्क्वॉडनंच टायमिंग अलीकडे घेतलं म्हणे, ते मला सुचलंही नसतं.

पण दुसऱ्या पोराच्या घरी हे काही चालणार नाही. त्याच्याशी मॅच मोजून ठरवायचं म्हणजे काकांशी पेग ठरवण्यासारखं, आणि ते तुझ्या आईनं किती वेळा केलं ते आपल्या दोघींना माहीत आहे. (हॉस्टेलवर तू म्हणायचीस "मनात आणलं तर माणूस सोडतो", आपण त्यावरून किती दिवस बोलत नव्हतो गं. आता हे तुला उकरून काढायला लिहीत नाहीये.) शिवाय त्याची शाळा गेममुळे सुटली असं आई म्हणते, पण नीट विचारलं तर आधी वर्गातल्या पोरांनी त्याला छळलं, तो घरी राहायला लागला, आणि दिवसभर करायचं काय म्हणून गेम वाढला. फोन काढून घेतला तर ते दुखणं तसंच राहणार. त्यात तो बोलून गेलाय की फोन घेतला तर जीव देईन. घरचे म्हणतात धमकी आहे. मी म्हटलं धमकी असो नाहीतर काही असो, त्याला एकटं सोडायचं नाही, औषधं, फिनेल सगळं कुलपात ठेवा, आणि रात्री-अपरात्री काही वाटलं तर टेली-मानस हेल्पलाईन, १४४१६, चोवीस तास असते. सांगलीच्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतलीय, नैराश्य आधी बघायला हवं. पुढे लागलंच तर बंगळुरूला निम्हान्समध्ये शट क्लिनिक आहे, २०१४ पासून हेच बघतात.

त्याची आई यायला तयार नाही. तिला वाटतं डॉक्टरकडे नेलं की गावात नाव होईल, आणि मी शिकलेली बाई म्हणून असलं बोलते. तू तिच्याशी एकदा फोनवर बोलशील का? समजावू नकोस काही, काकांच्या वेळी तुझ्या आईला कुणी काय सांगायला हवं होतं तेवढंच सांग. सोमवारी दुपारी दोननंतर ती एकटी असते, नंबर व्हॉट्सॲप करते. अपॉइंटमेंट गुरुवारची आहे, त्याच्या आधी झालं तर बरं.

तुझ्या फ्लॅटचं पझेशन मिळालं का? सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? आणि मीनूला दहावीच्या शुभेच्छा, तिला म्हणावं मावशी येतेय मे मध्ये.

तुझी,
वर्षा